तारखा योग्य वाराखाली आणताना

दिनदर्शिकेच्या पानावर तारखा चुकीच्या वाराखाली छापल्या गेल्या आणि हाताशी पानाचे फक्त चित्र असले, तर दुरुस्ती वाटते तेवढी सरळ नसते. मूळ फाइल उपलब्ध असेल तर आकडे पुन्हा टाइप करून काम संपते. पण छोट्या दुकानांच्या, पतपेढ्यांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या दिनदर्शिकांची मूळ फाइल बहुधा डीटीपी करणाऱ्याच्या जुन्या संगणकात राहून गेलेली असते आणि उरते ती व्हॉट्सॲपवर फिरणारी किंवा छापखान्याला पाठवलेली जेपीईजी. त्यातले अंक आता अंक नसतात, रंगीत ठिपके असतात. ते खोडून मागची पार्श्वभूमी भरावी लागते आणि त्याच वळणाच्या, त्याच मापाच्या अंकांत तारखांचे कोष्टक नव्याने उभारावे लागते.

उदाहरणासाठी ऑगस्ट २०२६ चे पान घेऊ. समजा, आदल्या वर्षीचेच पान पुढे चालवून वरचा आकडा तेवढा २०२६ केला गेला आणि तारखा २०२५ च्याच राहिल्या. ही चूक फार नेहमीची आहे, कारण पानाची सजावट, जाहिरात, फोटो हे सगळे तयार असते आणि कोष्टक कुणी नीट पाहत नाही. वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस असल्याने साध्या वर्षात प्रत्येक तारीख एका वाराने पुढे सरकते. मधे २९ फेब्रुवारी येऊन गेला असेल तर दोन वारांनी. २०२५ चा १ ऑगस्ट शुक्रवारी होता, २०२६ चा शनिवारी आहे. तेव्हा या पानावरची प्रत्येक तारीख एक घर मागे आहे.

मात्र सगळ्या तारखा एका घराने चुकलेल्या दिसल्या म्हणजे कारण हेच असेल असे नाही. आठवडा सोमवारपासून मांडणाऱ्या प्रणालीतून कोष्टक घेतले आणि वर वारांची नावे रविवारपासून लिहिली, तरीही तारखा एका घराने चुकतात. या दुसऱ्या प्रकारात आकड्यांना हात लावायची गरजच नसते, फक्त वारांची सात नावे बदलली की पान बरोबर होते. तो आठवडा सोमवारी सुरू करायचा की नाही हा रुचीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकांत रविवार पहिला असतो आणि वाचणाऱ्याची नजर त्यालाच सरावलेली असते. म्हणून खोडण्याआधी चूक आकड्यांत आहे की मथळ्यात, हे ठरवणे आवश्यक असते. लाल रंग इथे साक्ष देतो. लाल आकड्यांचा उभा रकाना ‘रविवार’ या नावाखालीच असेल तर मांडणी रविवारपासूनचीच आहे आणि चूक आकड्यांत आहे. लाल रकाना उजव्या टोकाला, ‘शनिवार’ या नावाखाली गेला असेल, तर कोष्टक सोमवारपासून सुरू होणारे आहे आणि चूक मथळ्यात आहे.

महिन्यांचे सांधे तपासले की चूक आणखी स्पष्ट होते. २०२६ चा ३१ जुलै शुक्रवारी येतो. आपल्या चुकीच्या पानावर १ ऑगस्टही शुक्रवारीच आहे, म्हणजे लागोपाठ दोन दिवस शुक्रवार. दुसऱ्या टोकाला त्या पानावर ३१ ऑगस्ट रविवारी आहे आणि पुढच्या पानावर १ सप्टेंबर मंगळवारी. मधला सोमवार गायब. दोन्ही शेजारची पाने बरोबर आहेत आणि बिघाड फक्त ऑगस्टचा आहे, हे एवढ्यावरून कळते. एकाच सांध्यात खोट निघाली असती, तर चूक त्या महिन्यापासून पुढे सलग चालत गेली आहे असे समजावे लागले असते.

बरोबर कोष्टक कोणते, हे दुसऱ्या एखाद्या छापील दिनदर्शिकेवरून उतरवून घेण्यापेक्षा मोजून काढलेले बरे. १ जानेवारी २०२६ ला गुरुवार आहे. जानेवारी ते जुलै हे सात महिने मिळून २१२ दिवसांचे. २१२ ला सातने भागल्यावर दोन उरतात, म्हणून गुरुवारच्या पुढे दोन वार, शनिवार. लिनक्स किंवा मॅकवर एका आज्ञेत हीच खात्री होते:

```
$ cal 8 2026
    August 2026
Su Mo Tu We Th Fr Sa
                   1
 2  3  4  5  6  7  8
 9 10 11 12 13 14 15
16 17 18 19 20 21 22
23 24 25 26 27 28 29
30 31
```

इथे एक अडचण समोर येते. या महिन्याला सहा ओळी लागतात आणि पानावर घरे पाचच ओळींची आहेत. मराठी दिनदर्शिकांत यावर जुना तोडगा आहे: उरलेल्या तारखा पहिल्या ओळीतल्या रिकाम्या घरांत नेऊन बसवायच्या. २०२५ च्या पानावर ३१ तारीख अशीच पहिल्या ओळीत, रविवारच्या घरात बसली होती. २०२६ साली त्या जागी ३० येईल, शेजारी सोमवारच्या घरात ३१, मग मंगळवार ते शुक्रवार चार घरे मोकळी आणि शेवटी शनिवारी १. म्हणजे सोमवारचे पूर्वी मोकळे असलेले घर आता भरते आणि शुक्रवारचे भरलेले घर मोकळे होते. कोष्टक नुसते उजवीकडे सरकवून भागत नाही ते यामुळे.

सरकवण्याचा मोह मात्र होतोच. शनिवारचा रकाना कापून रविवारच्या जागी एक ओळ खाली चिकटवायचा आणि बाकीचे सहा रकाने एकेक घर उजवीकडे न्यायचे. पार्श्वभूमी पांढरी सपाट असेल तर हे जमतेही आणि घाईच्या वेळी ते वावगे नाही. पण अंकाच्या मागे फिकट गणपती असेल, वरून खाली गडद होत जाणारा रंग असेल, तर कापलेल्या प्रत्येक तुकड्याची कड दिसते. शिवाय रंगाचा घोळ होतो. रविवारचा लाल रंग वाराचा असतो, तारखेचा नव्हे. सरकवल्यावर ३, १०, १७, २४ या तारखा सोमवारी जातील पण लालच राहतील आणि नव्या रविवारी आलेल्या २, ९, १६, २३ काळ्या. उलट १५ ऑगस्टचा लाल रंग तारखेचा आहे, तो शुक्रवारातून शनिवारात १५ बरोबर जायलाच हवा. बँकांच्या सुट्टीची खूण तर या दोन्हींहून निराळी. ती दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असते, म्हणून चुकीच्या पानावरच्या ९ आणि २३ वरून ती आता ८ आणि २२ वर येईल. कोणती खूण वाराला बांधलेली आहे आणि कोणती तारखेला, याची यादी कागदावर केल्याशिवाय कोष्टकाला हात लावू नये.

घरात तिथी, सण असा बारीक मजकूर असेल तर आणखी एक प्रश्न पडतो: तो कोणत्या वर्षाचा? राखीपौर्णिमा पाहिली की उत्तर मिळते. २०२५ साली ती ९ ऑगस्टला झाली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती २८ ऑगस्टपर्यंत लांबली. पानावर ९ तारखेच्या घरात राखीपौर्णिमा असेल तर सगळा पंचांगाचा मजकूरच जुना आहे आणि तो पंचांग जाणणाऱ्याकडून नव्याने घ्यावा लागेल. अंक फिरवून तिथी दुरुस्त होत नाहीत. २८ च्या घरात असेल, तर मजकूर बरोबर आहे आणि तो आपापल्या तारखेबरोबर नव्या घरात न्यायचा. पुढील वर्णनात घरांत फक्त अंक आहेत असे धरले आहे.

आता मोजमाप. समजा चित्र ए-फोर आकाराचे, दर इंचाला ३०० पिक्सेलचे, म्हणजे २४८० पिक्सेल रुंद आहे. कोष्टक डावीकडून १९० पिक्सेलवर सुरू होते आणि प्रत्येक घर ३०० पिक्सेल रुंद, २६० उंच आहे. मग रविवारचा मध्य ३४० वर येतो आणि पुढचा प्रत्येक मध्य ३०० ने वाढत जातो. जिम्प किंवा फोटोशॉपमध्ये या सात मध्यांवर उभ्या आणि पाच ओळींच्या तळावर आडव्या मार्गदर्शक रेषा टाकाव्यात. तळ म्हणजे अंक ज्या अदृश्य रेषेवर उभे असतात ती. तो ठरवताना एकाच अंकावर विसंबू नये, कारण गोलसर पोटाचे अंक रेषेच्या किंचित खाली उतरतात. एका ओळीतले चारपाच अंक पाहून मधली जागा धरावी.

अंक घराच्या मधोमध आहेत की उजव्या कडेला टेकलेले, हेही याच वेळी पाहायचे. ३ आणि १० या दोन्हींचा मध्य एकाच रेषेवर येत असेल तर मांडणी मध्यावरची. दोघांची उजवी कड जुळत असेल तर उजवीकडची. हे न पाहता मांडलेले कोष्टक प्रत्येक आकडा बरोबर असूनही डोळ्याला खुपते.

वळण जुळवणे हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग. देवनागरी अंकांत ५, ८ आणि ९ या तिघांकडे आधी पाहावे, कारण छपाईत त्यांची एकाहून अधिक वळणे प्रचलित आहेत आणि महाराष्ट्रात रुळलेले वळण नेपाळकडच्या वळणाहून वेगळे पडते. युनिकोडमध्ये या वळणांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. ५ हा एकच ५ आहे, तो कसा दिसेल हे फॉन्ट ठरवतो. त्यामुळे चुकीचा फॉन्ट निवडला तर टाइप करून वळण बदलता येत नाही. नंतर रेघेची जाडी पाहावी: अंक सगळीकडे सारखा जाड आहे, की बोरूने लिहिल्यासारखा कुठे जाड कुठे बारीक. पहिल्या प्रकारचे असतील तर मुक्त, बलू, हिंद, नोटो सॅन्स अशा मोफत फॉन्टांपासून शोध सुरू करता येतो. दुसऱ्या प्रकारचे अंक बहुतेकदा श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या युनिकोडपूर्व संचांतले निघतात. त्या फॉन्टांची अडचण अशी की ते संगणकावर असले तरी नेहमीच्या युनिकोड कळफलकाने टाइप केलेला अंक त्यांत उमटत नाही. तो त्या त्या संचाच्या जुन्या कळफलकानेच टाइप करावा लागतो.

फॉन्ट जुळला की नाही हे नुसत्या नजरेवर सोडू नये. संशयित फॉन्टमध्ये २५ आणि १८ टाइप करून चित्रातल्या २५ आणि १८ वर ठेवावेत आणि वरच्या लेयरचा मिश्रण-प्रकार `Difference` करावा. दोन्ही जिथे एकसारखे तिथे काळे दिसते, जिथे फरक तिथे उजळ कड उमटते. सगळीकडे सारखी पातळ कड उमटली तर फॉन्ट बरोबर, फक्त जाडी किंवा माप थोडे चुकले आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंना जाड कड आणि उरलेल्या दोन बाजूंना काहीच नाही, तर अंक सरकला आहे. वळणाच्या आतच उजळ डाग राहिला तर फॉन्टच वेगळा.

माप काढायला अंदाज लागत नाही. समजा चित्रातल्या अंकांची उंची ९६ पिक्सेल आहे. फॉन्ट १०० पिक्सेल मापात टाइप केला आणि अंकाची उंची ६४ भरली, तर हवे ते माप १५० पिक्सेल. दर इंचाला ३०० पिक्सेलच्या चित्रात हे ३६ पॉइंट होतात. असा पूर्ण आकडा निघाला की हुरूप येतो, कारण डीटीपी करणारे मापे सहसा ३६, ४०, ४८ अशीच ठेवतात. ३६.७ वगैरे निघाले तर उंची पुन्हा मोजावी, किंवा चित्र कुठेतरी लहानमोठे केले गेले आहे असे समजावे.

फॉन्ट सापडलाच नाही तर? मग अंक चित्रातूनच घ्यायचे. महिन्याच्या पानावर दहाही अंक कुठे ना कुठे असतातच, शून्यसुद्धा १०, २० आणि ३० मध्ये मिळते. प्रत्येक अंकाचा सर्वांत स्वच्छ नमुना निवडून तो चारपट मोठा करावा, इंकस्केपच्या `Trace Bitmap` ने त्याची बाह्यरेषा काढावी आणि हात फिरवून कडा साफ कराव्यात. हा दहा ठशांचा संच म्हणजे त्या पानापुरता फॉन्टच. जोडअंकांत दोन अंकांमधले अंतर मात्र मूळ चित्रात मोजून ठेवावे लागते, ते इथे आपोआप येत नाही.

जुने अंक खोडताना पांढरा रंग फासणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत लवकर उघडा पडणारा मार्ग. स्कॅन केलेला कागद क्वचितच शुद्ध पांढरा असतो, त्यावर पांढरे चौकोन स्पष्ट दिसतात. आपल्या पानावर पहिल्या ओळीत सोमवार ते गुरुवार ही चार घरे मुळातच मोकळी आहेत. सपाट पार्श्वभूमी असेल तर त्यातल्या एका घराचा आतला भाग, रेषा सोडून, उरलेल्या घरांत चिकटवता येतो. रंग वरून खाली बदलत असेल तर ते चालत नाही. तिथे त्याच ओळीतली, अंक आणि चौकटीची रेषा यांच्यामधली उभी अरुंद पट्टी घेऊन ती आडवी ताणावी, म्हणजे त्या उंचीवरचा रंग तसाच राहतो. मागे फोटो असेल तर क्लोन आणि हील या अवजारांनी घरागणिक हातकाम करण्यावाचून इलाज नाही.

किती भाग खोडायचा, यात हमखास चूक होते. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे करून ते दाबते, त्यामुळे अंकाच्या कडेभोवती फिकट कुरबुर पसरते. रंगाची माहिती अनेकदा अर्ध्या बारकाव्याने साठवली जाते, म्हणून लाल अंकाभोवतीचा डाग सोळा पिक्सेलपर्यंत जातो. अंकाच्या कडेला चिकटून खोडले की अंक जातो आणि त्याचे भूत राहते. ते पडद्यावर पटकन जाणवत नाही, पण चित्राचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता भरपूर वाढवला की लगेच दिसते.

साफ झालेल्या कोष्टकात ३१ तारखा सुट्या टाइप करून एकेक सरकवण्याची गरज नसते. ओळींमधले अंतर २६० पिक्सेल ठरवून प्रत्येक वाराचा एक, असे सात मजकूर-लेयर पुरतात. रविवारच्या लेयरमध्ये ३०, २, ९, १६, २३. सोमवारी ३१, ३, १०, १७, २४. मंगळवार ते शुक्रवार पहिली ओळ रिकामी सोडून ४, ५, ६, ७ पासून सात-सातने खाली. शनिवारी १, ८, १५, २२, २९. प्रत्येक लेयर आपल्या मध्यरेषेवर ठेवला की कोष्टक एकदम जागेवर बसते आणि एखादा आकडा तिरका राहण्याचा संभवच उरत नाही. रविवारचा अख्खा लेयर लाल, शनिवारच्या लेयरमधला १५ तेवढा निवडून लाल.

रंग मूळ अंकाच्या रेघेच्या मधोमध नमुना घेऊन उचलावा, कडेवरून नव्हे, कारण तिथे तो पार्श्वभूमीत मिसळलेला असतो. छापील कामातला काळा चित्रात सहसा निखळ काळा नसतो. फोटोशॉपच्या अमेरिकी छपाई प्रोफाइलमधून शंभर टक्के काळ्या शाईचे रूपांतर झाले की तो ३५, ३१, ३२ असा येतो आणि शंभर टक्के किरमिजी व पिवळा मिळून झालेला लाल २३७, २८, ३६ असा. हे आकडे सापडले तर पान छपाईच्या फाइलमधून निघाले आहे हे कळते आणि सगळ्या लाल अंकांना तोच एक रंग निश्चिंतपणे देता येतो. स्कॅन असेल तर पाचसहा अंकांचे नमुने घेऊन सरासरी धरावी.

एवढे करूनही नवे अंक वेगळे दिसतात ते त्यांच्या धारदारपणामुळे. वारांची नावे आणि खालची जाहिरात दाबलेल्या चित्रातली, जराशी मऊ, आणि अंक मात्र नुकते काढलेले. अंकांच्या लेयरची प्रत चित्रात रूपांतरित करून तिला अर्ध्या ते पाऊण पिक्सेलचा ब्लर द्यावा आणि पान दुप्पट मोठे करून ‘शनिवार’ या अक्षरांच्या कडेशी १ ची कड ताडून पाहावी. स्कॅनमध्ये कागदाचा दाणा असेल तर तोही किंचित घालावा लागतो. मजकुराचे मूळ लेयर मात्र जपून ठेवायचे, कारण सुट्टीचा बदल आयत्या वेळी कळणे हे दिनदर्शिकेच्या धंद्यात नवे नाही.

तपासणी आकड्यांची आणि चित्राची वेगवेगळी करावी. आकड्यांसाठी प्रत्येक रकान्यात वरून खाली सातचा फरक, पहिल्या ओळीत चढवलेल्या ३० आणि ३१ यांच्यापुरता अपवाद. १५ ऑगस्ट शनिवारी. ३१ जुलै शुक्रवार, १ ऑगस्ट शनिवार आणि ३१ ऑगस्ट सोमवार, १ सप्टेंबर मंगळवार, असे दोन्ही सांधे सलग. एकूण तारखा ३१, त्यांतल्या लाल सहा. ही मोजणी ज्याने कोष्टक रचले त्याच्याऐवजी दुसऱ्याने केलेली चांगली, रचणाऱ्याला पानावर जे असायला हवे तेच दिसते. चित्रासाठी जुने आणि नवे पान एकावर एक ठेवून पुन्हा `Difference` लावावे. उजळ डाग फक्त अंकांच्या जागी दिसले पाहिजेत. चौकटीच्या रेषेवर किंवा वारांच्या नावांवर काही उमटले तर खोडताना हात तिथे लागला आहे.

शेवटी जतन करताना पीएनजी किंवा लेयरसह मूळ फाइल ठेवावी आणि छपाईसाठी जेपीईजी हवीच असेल तर ती एकदाच, उच्च दर्जाची काढावी. रंगाचा बारकावा अर्धा करणारा पर्याय बंद ठेवावा, जिम्पमध्ये त्यासाठी `4:4:4` निवडतात. तो चालू राहिला तर काळे अंक ठीक दिसतात आणि रविवारचे लाल अंक तेवढे कडेने विरघळतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या, हजारबाराशे पिक्सेल रुंदीच्या प्रतीवर हे सारे करता येते, पण ते पडद्यापुरते. अशा चित्रात अंकांची उंची चाळीस पिक्सेलच्या आसपास भरते, त्यावरून वळण ओळखणे अवघड जाते आणि भिंतीच्या आकारात छापल्यावर नवे अंक कितीही नेटके असले तरी भोवतालचे सगळे धूसर दिसते. तिथे फक्त कोष्टक दुरुस्त करण्याऐवजी वारांची नावे, महिन्याचे नाव आणि चौकटीही नव्याने टाइप करून घेणे कमी कष्टाचे ठरते.